चौथ्या प्रश्नाला भाषा का बदलली?

आमच्या गावातल्या वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी मी एका टेबलाशी बसतो. सातबारा, वारसनोंद, वाटणी, बँकेतले अडकलेले पैसे अशा विषयांवर लोक प्रश्न विचारतात आणि मला ठाऊक असेल ते मी सांगतो. मी वकील नाही. हे कागद वाचायला मी माझ्याच घरच्या वाटणीच्या वेळी शिकलो आणि पुढे ती आवड झाली. गेल्या काही वर्षांत बहुतेक प्रश्न भ्रमणध्वनीवरच्या संदेशांतून, आकडे घातलेल्या यादीच्या रूपात येतात. या याद्या साठवता साठवता एक गोष्ट लक्षात येऊ लागली. पुष्कळ याद्या मराठीत सुरू होतात, मध्येच इंग्रजीत जातात आणि शेवटी परत मराठीत येतात. अशा यादीला उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे, हा वरवर साधा दिसणारा प्रश्न माझ्या हातून एकदा चुकला. त्या चुकीमुळे मला या विषयाचा नाद लागला.

ती यादी इथे देतो. विचारणाऱ्या बाईंच्या परवानगीने ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण प्रश्नांचा क्रम आणि भाषा जशीच्या तशी ठेवली आहे.

‘काका नमस्कार. बाबा चैत्रात गेले. थोडं विचारायचं होतं.

१) सातबाऱ्यावर आईचं आणि आम्हा तीन भावंडांचं नाव लावायला अर्ज कुठे करायचा?

२) तलाठी म्हणतात फेरफार पडलाय. मग सातबाऱ्यावर नावं का दिसत नाहीत?

३) बँकेत बाबांच्या एफडीला धाकटा भाऊ नॉमिनी आहे. म्हणजे ते पैसे त्याचेच का?

४) व्हॉट इज द डिफरन्स बिटवीन लीगल हेअर सर्टिफिकेट अँड सक्सेशन सर्टिफिकेट? द बँक हॅज आस्क्ड फॉर वन ऑफ देम.

५) कॅन आय रिलीज माय शेअर इन फेवर ऑफ माय मदर? इज इट रिव्हर्सिबल?

६) हक्कसोडीचं भावांना आधी सांगावं का? की झाल्यावर?’

मी मराठीचा अभिमानी माणूस. सहाही प्रश्नांची उत्तरे एकाच लांब संदेशात, स्वच्छ मराठीत लिहून पाठवली. मजकूर कायद्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. चार दिवसांनी बाईंचा फोन आला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. माझा संदेश त्यांनी न वाचताच आईकडे पाठवला होता, कारण पहिले तीन प्रश्न आईचेच होते. आईने तो थोरल्या मुलाला वाचायला दिला. त्यात ‘तुम्हाला आपला हिस्सा आईच्या नावे सोडता येईल’ हे वाक्य होतेच. दुसऱ्या दिवशी थोरले बंधू हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन बहिणीच्या दारात उभे. बाईंनी अजून काहीच ठरवले नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, ‘काका, ते मी इंग्रजीत का विचारलं असेल?’

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता.

भाषा बदलणे म्हणजे शब्द न सुचणे, असा आपला एक समज असतो. तो काही वेळा खरा ठरतो, पण सगळ्या वेळा नाही. भाषावैज्ञानिक जॉन गंपर्झ यांनी यान-पेटर ब्लोम यांच्याबरोबर उत्तर नॉर्वेमधल्या हेमनेसबर्गेट या गावात याचा अभ्यास केला. तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. तिथले लोक घरची बोली बोलत आणि प्रमाण भाषाही त्यांना येई. गावच्या कचेरीत माणूस कारकुनाच्या टेबलाशी आला की राम राम आणि घरच्यांची चौकशी बोलीत व्हायची. कामाचे बोलणे सुरू झाले की दोघेही प्रमाण भाषेवर यायचे. माणसे तीच, टेबल तेच, पण बदललेल्या भाषेने सांगितलेले असायचे की आता आपले नाते शेजाऱ्याचे नसून अर्जदार आणि कारकुनाचे आहे. याच गंपर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला मराठी, कन्नड आणि उर्दू कशा शेजारी नांदतात, याचाही अभ्यास केला होता. तो १९७१ साली छापला गेला. म्हणजे आपल्या अंगणातल्या या गोष्टीकडे जगाचे लक्ष पन्नास वर्षांपूर्वीच गेले होते.

या नजरेने ती यादी पुन्हा वाचली तेव्हा प्रत्येक वळणाला वेगळे कारण दिसले.

तिसऱ्या प्रश्नात ‘एफडी’ आणि ‘नॉमिनी’ हे शब्द आहेत, पण भाषा बदललेली नाही. हे ओळखायला शब्द मोजून उपयोग नाही, प्रत्यय आणि क्रियापद पाहावे लागते. कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी केनियातल्या स्वाहिली-इंग्रजी बोलण्यावरून १९९३ साली हा विचार नीट मांडला. मिश्र वाक्यात एक भाषा चौकट पुरवते आणि दुसरीचे शब्द त्या चौकटीत बसवले जातात. ‘एफडीला भाऊ नॉमिनी आहे’ यात ‘ला’ मराठी, ‘आहे’ मराठी आणि शब्दांचा क्रमही मराठी, म्हणून हे वाक्य मराठीच. उद्या कुणी ‘नॉमिनी चेंज करायला ब्रँचला व्हिजिट करावी लागेल का’ असे लिहिले, तरी तेही मराठी वाक्यच आहे. त्याला इंग्रजीत उत्तर देणे विचारणाऱ्याला परके वाटेल. हीच गोष्ट लिपीची. रोमन लिपीतली मराठी ही मराठीच असते, फक्त वाचताना डोळा फसतो. रोमन अक्षरांतला ‘तो’ इंग्रजी ‘टू’सारखा दिसतो आणि ‘हे’ इंग्रजी ‘ही’सारखा. घाईत वाचणाऱ्याला वाक्य निम्मे इंग्रजी वाटते.

चौथ्या प्रश्नात मात्र चौकटच इंग्रजी झाली. कारण सरळ होते. बँकेच्या कागदावर ते दोन शब्द इंग्रजीत होते आणि बाईंनी तो कागद समोर ठेवून प्रश्न लिहिला. हा उद्धृताचा बदल. इथे उत्तर मराठीत देता येते, पण कागदावरचे शब्द जसेच्या तसे राखले पाहिजेत. बाई ते उत्तर घेऊन बँकेत जाणार आणि खिडकीवरचा माणूस तेच शब्द ओळखणार.

पाचवा प्रश्न वेगळाच होता. ‘रिलीज डीड’ला मराठीत ‘हक्कसोडपत्र’ हा चांगला, सर्वांना ठाऊक असलेला शब्द आहे. पुढच्याच ओळीत बाईंनी तो वापरलाही आहे. म्हणजे शब्दाची अडचण नव्हती. वडील जाऊन तीन महिनेही झाले नसताना ‘माझा हिस्सा’ हे शब्द मराठीत लिहिणे त्यांना जड गेले असावे. शिवाय फोन घरातले सगळे हाताळतात आणि आईला इंग्रजी वाचता येत नाही. हा आडोशाचा बदल. उत्तर देणाऱ्याने तो आडोसा राखायचा असतो. मी तो बाजूला केला. सहाव्या प्रश्नात त्या परत मराठीत आल्या, कारण तिथे कायदा संपून भावंडांचे नाते सुरू झाले होते. हेमनेसबर्गेटच्या कचेरीतला माणूस काम संपल्यावर बोलीत परतायचा, तसेच हे.

माझी दुसरी चूक इतकी उघड नव्हती. माझ्या मते ती अधिक वेळा घडते. यादीत भाषा बदलली की वाचणाऱ्याच्या मनात तिथे एक रेघ ओढली जाते. वरचे प्रश्न एका विषयाचे आणि खालचे दुसऱ्या विषयाचे, असे वाटू लागते. प्रत्यक्षात धागा रेघेखालून पुढे गेलेला असतो. त्यामुळे आता मी यादी आली की उत्तर लिहायला घेण्याआधी एक छोटे काम करतो. सगळे महत्त्वाचे शब्द एका कागदावर उतरवून दोन गोष्टी तपासतो. एकाच वस्तूला दोन भाषांतली दोन नावे आली आहेत का, हे आधी बघतो. मग एकाच शब्दात दोन वस्तू लपल्या आहेत का, हे बघतो.

एका वस्तूची दोन नावे शोधणे सोपे. ‘रिलीज’ आणि ‘हक्कसोड’ एकच. कुणी पुढे ‘म्युटेशन’ लिहिले असते तर ते आणि ‘फेरफार’ एकच. पण दोन्ही नावे यादीत असताना उत्तरात एकच वापरले, तर विचारणाऱ्याला वाटते की दुसऱ्याचे उत्तर राहिले. म्हणून पहिल्यांदा उल्लेख करताना ‘हक्कसोडपत्र, म्हणजेच तुमच्या पाचव्या प्रश्नातले रिलीज डीड’ असे जोडून लिहायचे आणि मग एकच नाव पुढे चालवायचे.

एका शब्दात लपलेल्या दोन वस्तू जास्त घातक. पाचव्या प्रश्नातला ‘शेअर’ घ्या. मी तो जमिनीतला हिस्सा धरला. पण त्याच्या लगेच वर बँकेचा प्रश्न आहे. बाईंना ठेवीतला वाटाही म्हणायचे असू शकते, आणि वडिलांच्या नावावर कंपन्यांचे शेअर असतील तर तेही. प्रत्येकाची वाट निराळी. जमिनीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो, साध्या कागदावरची किंवा नुसती नोटरी केलेली सही पुरत नाही. ठेवीसाठी बँकेचे स्वतःचे नमुने असतात. ‘हिस्सा’ हा मराठी शब्द वापरून मी बाईंच्या वतीने परस्पर निवड करून टाकली होती.

मराठी शब्दही असाच फसवतो. दुसऱ्या प्रश्नात तलाठी म्हणाले, ‘फेरफार पडलाय.’ ते खोटे बोलत नव्हते. गाव नमुना सहामध्ये नोंद लिहिली गेली की फेरफार पडला असे म्हणतात. पण त्यानंतर संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतरच सातबारा बदलतो. हरकत आली तर नोंद तक्रारीच्या नोंदवहीत जाते आणि तिचा निर्णय व्हावा लागतो. ‘पडणे’ आणि ‘मंजूर होणे’ या दोन पायऱ्या आहेत. या उत्तराला इंग्रजीची काहीच गरज नाही, उलट ‘म्युटेशन झालं’ असे लिहिले तर दोन्ही पायऱ्या पुन्हा एकात मिसळतात.

‘नॉमिनी’ची गोष्ट याच्या उलट. पुष्कळ भले लोक त्याचे ‘वारस’ असे मराठीकरण करतात. तिसऱ्या प्रश्नात हे केले असते तर उत्तर पूर्ण चुकले असते. बँकेच्या ठेवीचा नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे तो माणूस. त्याला पैसे दिले की बँक मोकळी होते. ते पैसे कुणाचे, हे मृत्युपत्र असेल तर त्यावरून आणि नसेल तर वारसा कायद्यावरून ठरते. धाकटा भाऊ पैसे घेईल, पण सगळ्या वारसांसाठी विश्वस्त म्हणून. ‘नामनिर्देशित व्यक्ती’ हा शासकीय शब्द अचूक आहे, पण बाईंनी ‘नॉमिनी’ लिहिले आहे आणि बँकेतही तोच शब्द ऐकू येतो. तेव्हा ‘नॉमिनी’ ठेवावा आणि एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा.

शुद्ध मराठीच्या आग्रहाने इथे मन खट्टू होण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश केला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही ‘वारस’, ‘हक्क’ आणि ‘दाखला’ हे अरबीतून फारसीमार्गे आलेले शब्द आज आपल्याला घरचे वाटतात. कचेरीत जो शब्द चालतो तो टिकतो. उत्तर देणाऱ्याचे काम शब्दाची जात पाहण्याचे नाही, तो शब्द नेमकी कोणती वस्तू दाखवतो हे पाहण्याचे आहे.

आता तिसरा आणि चौथा प्रश्न शेजारी ठेवून वाचा. तिसरा मराठीत सांगतो की ठेवीला नॉमिनी आहे. चौथा इंग्रजीत सांगतो की बँक वारसाचे प्रमाणपत्र मागते आहे. हे दोन्ही एकत्र बसत नाही. नॉमिनी असेल तर बँकेने सक्सेशन सर्टिफिकेटचा आग्रह धरू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच बँकांना कळवलेले आहे. दोन्ही वाक्ये एका भाषेत असती तर ही विसंगती मला पहिल्या वाचनात खटकली असती. भाषा बदलल्याने मी ते दोन सुटे प्रश्न समजलो आणि दोन प्रमाणपत्रांतला फरक सविस्तर समजावून सांगितला. सक्सेशन सर्टिफिकेट १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली दिवाणी न्यायालय देते आणि ते मृताच्या येण्यांपुरते आणि रोख्यांपुरते असते. आपल्याकडे ज्याला लीगल हेअर सर्टिफिकेट किंवा वारस दाखला म्हणतात, तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली न्यायालयातून मिळतो. शिवाय याच नावाने लोक महसूल कचेरीतल्या साध्या दाखल्यालाही ओळखतात. सगळे बरोबर, पण त्या बाईंना यातले बहुधा काहीच लागणार नव्हते. विचारायला हवा होता तो एकच प्रश्न: ‘बँकेने हे नेमके कोणत्या खात्यासाठी मागितले?’ फोनवर विचारले तेव्हा उत्तर मिळाले. वडिलांचे एक जुने बचत खाते होते, त्याला नॉमिनी नव्हता. बँकेची मागणी त्या खात्यापुरती होती. एफडीचा तिच्याशी संबंध नव्हता.

त्यानंतर मी दुसरे उत्तर लिहिले. त्याची रचना आजही वापरतो, म्हणून सांगतो.

उत्तराचे दोन भाग केले आणि ते दोन वेगळ्या संदेशांत पाठवले. पहिला भाग एक ते चार प्रश्नांचा, संपूर्ण मराठीत. आई तो वाचणार हे आता ठाऊक होते. आकडे बाईंनी दिले तेच ठेवले, कारण माणूस उत्तर आपल्या यादीशी ताडून बघतो. आकडा हलला की भाषेपेक्षा मोठा गोंधळ होतो. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, वारसा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र, असे पहिले उत्तर. फेरफाराच्या दोन पायऱ्या दुसऱ्यात. तिसरे आणि चौथे एकत्र बांधले आणि तसे सांगितलेही: ‘हे दोन प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत.’ दोन्ही प्रमाणपत्रांची नावे बँकेच्या कागदावर होती तशीच ठेवली.

दुसरा संदेश फक्त त्यांच्यासाठी होता. त्याची सुरुवात मी त्यांनी निवडलेल्या इंग्रजीत केली, आणि आधी विचारले की ‘शेअर’ म्हणजे जमीन, ठेव की दोन्ही. मग जमिनीपुरते उत्तर दिले. हक्क सोडता येतो, दस्त नोंदवावा लागतो, आणि एकदा नोंदवला की आपल्या मर्जीने परत फिरवता येत नाही. फसवणूक किंवा दडपण सिद्ध झाले तरच न्यायालय तो रद्द करू शकते. हे शेवटचे वाक्य तेवढे मी इंग्रजीत लिहून खाली मराठीतही लिहिले. एरवी एकच गोष्ट दोन्ही भाषांत लिहिणे मी टाळतो. त्याने उत्तर दुप्पट लांबते, आणि दोन मजकुरांत बारीक फरक पडला की विचारणारा कोणता खरा धरायचा या पेचात पडतो. पण जिथे चूक झाली तर दुरुस्ती नाही, तिथे एक ओळ दोनदा आलेली बरी. ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तरी तिने बाईंचे नुकसान होणार नव्हते. उलट ‘घाई करू नका’ हेच ती सांगत होती.

सहाव्या प्रश्नाला मात्र मराठीतच दोन ओळी लिहिल्या. कायद्याने भावांची परवानगी लागत नाही. सांगायचे की नाही हे तुमच्या घरावर आहे, पण निर्णय पक्का होण्याआधी कुठल्याही मसुद्यावर सही करू नका.

या पद्धतीला मर्यादा आहे. भाषा का बदलली याचा आपण अंदाज करतो, आणि तो चुकू शकतो. पाचवा प्रश्न इंग्रजीत असण्याचे कारण आडोसा नसून दुसऱ्या कुणाकडून आलेला मजकूर पुढे ढकललेला असणे, हेही शक्य होते. तसे असेल तर प्रश्नाचा सूर आणि शब्दरचना आधीच्या प्रश्नांपेक्षा अचानक वेगळी, कागदी होते, आणि स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी येतात. तरीही खात्री नसते. तेव्हा मी अंदाजावर उत्तर बेतत नाही, आधी एक प्रश्न पाठवतो: ‘चौथ्या-पाचव्या प्रश्नाचे उत्तर घरात सगळ्यांना दाखवायचे आहे की फक्त तुम्हाला हवे आहे?’ बहुतेक लोक लगेच उत्तर देतात. काही जण थोडा वेळ घेतात, आणि त्या वेळेतच मला कळते की भाषा उगाच बदललेली नव्हती.

त्या बाईंनी पुढे हक्क सोडला की नाही, हे मी विचारले नाही. सातबाऱ्यावर चौघांची नावे लागल्याचे त्यांनी कळवले, मराठीत. खाली एक ओळ इंग्रजीत होती. तिचे उत्तर मी इंग्रजीत दिले, आणि वेगळ्या संदेशात.